घरचं दही, योगर्ट आणि ताक: जिवंत जिवाणू कशात, आणि प्रोबायोटिक कशाला म्हणायचं?

"आम्ही नागपूरला राहतो. घरात वर्षानुवर्षं एकच विरजण चालू आहे. मुलगा म्हणतो, घरच्या दह्यात प्रोबायोटिक नसतं, योगर्ट आणत जा. सासूबाई म्हणतात, जेवणावर ग्लासभर ताक घेतलं की झालं. तिन्हींत खरा फरक काय आणि यातलं प्रोबायोटिक कोणतं?"

ताई, आधी थोडक्यात सांगतो. जिवंत जिवाणू तिन्हींत असू शकतात आणि घरच्या ताज्या दह्यात तर ते भरपूर असतात. प्रोबायोटिक हे बिरुद मात्र जिवाणूंची नेमकी ओळख आणि त्यांचा सिद्ध झालेला फायदा पाहून मिळतं. त्या कसोटीवर घरचं दही आणि ताक बसत नाही, साधं योगर्ट एका बाबतीत बसतं, आणि नाव-गाव सांगून जिवाणू घातलेलं दही बसू शकतं. मी डेअरी तंत्रज्ञ आहे. माझी नोकरी दह्या-दुधाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दूध घट्ट होतं ते आम्लामुळे. जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्लता वाढत दुधाचा पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं करतं आणि पाणी त्या जाळ्यात अडकतं. दही असो की योगर्ट, इथवर गोष्ट एकच. वेगळेपण आहे ते आम्ल कोण करतं, यात.

योगर्टमध्ये हे काम ठरलेली जोडी करते. एक स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, साखळीत बसलेले गोल जिवाणू. दुसरा लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, लांबट काड्यांसारखा. दोघांनाही ४२-४३ अंशांची ऊब लागते. सुरुवातीला गोल जिवाणू जोरात वाढतात आणि फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याने काड्यांना चालना मिळते. काड्या दुधातलं प्रथिन तोडून त्याचे तुकडे गोल जिवाणूंना पुरवतात. असं एकमेकांच्या आधाराने चार-पाच तासांत दूध जमतं. ही जोडी नसेल तर आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाप्रमाणे त्याला नुसतं 'योगर्ट' म्हणता येत नाही, आणि मुदत संपेपर्यंत एका ग्रॅममध्ये किमान १ कोटी जिवंत जिवाणू असावेत अशीही त्यात अट आहे. ग्रीक योगर्ट म्हणजे त्यातलं पाणी गाळून केलेला दाट प्रकार, आपल्या चक्क्याचाच भाऊ. डब्यावर फळांची चित्रं असलेल्या योगर्टात साखर किती आहे ते आधी वाचा, जिवाणूंचं नंतर बघू.

घरच्या दह्याची अशी ठरलेली जोडी नसते. आपल्या नियमांत दह्याला कोणतेही निरुपद्रवी लॅक्टिक जिवाणू चालतात. तुमच्या विरजणात साधारण दोन गट नांदत असतात. एक उष्णताप्रिय, म्हणजे वर सांगितलेल्या जोडीचे किंवा त्यांचे भाऊबंद. दुसरा गट लॅक्टोकॉकस आणि ल्यूकोनोस्टॉक यांचा. त्यांना २५ ते ३० अंश मानवतात आणि चाळिशीच्या पुढे त्यांची वाढ जवळपास थांबते. शिवाय थोडे यीस्ट असतात. या गटांपैकी कोण वरचढ ठरेल ते हवामान ठरवतं, आणि हवामानाच्या बाबतीत नागपूर म्हणजे दोन टोकं.

मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतात. कूलरचा वारा बैठकीत. स्वयंपाकघर ३८-४० वर तापलेलं. दुपारी दूध लावलं तर ते उष्णताप्रिय जिवाणूंच्या हाती जातं. तीन-चार तासांत दही जमतं, पण काम तिथे थांबत नाही. बल्गेरिकस जातीचे जिवाणू आम्लात तग धरणारे असतात. बाकीचे थंडावले तरी ते आम्ल करत राहतात. म्हणून दुपारी दोनला जमलेलं दही संध्याकाळी सातपर्यंत ओट्यावर राहिलं तर दात आंबतात. याचा वास योगर्टच्या जवळ जातो, हिरव्या सफरचंदासारखा तीक्ष्ण. तो अ‍ॅसिटाल्डिहाइडचा वास.

जानेवारीत रात्रीचा पारा १२ च्या आसपास उतरतो. गंज गुंडाळून ठेवला तरी दूध हळूहळू २५ च्या खाली येतं. उष्णताप्रिय जिवाणू तिथे सुस्तावतात आणि लॅक्टोकॉकस हळूहळू काम ओढतात. बारा-चौदा तास लागतात, पण दही गोडसर लागतं आणि त्याला लोण्यासारखा वास येतो. तो डायअ‍ॅसिटिलचा. थंडीतल्या दह्याची चव वेगळी असते असं म्हातारी माणसं म्हणतात ना, त्यामागे हे रसायन आहे. सूक्ष्मदर्शकाखाली फरक लगेच दिसतो. उन्हाळ्यातल्या नमुन्यात लांब काड्या आणि लांब साखळ्या. थंडीतल्या नमुन्यात बहुतेक गोल जिवाणू, दोन-दोन किंवा आखूड साखळ्यांत.

म्हणजे तुमचं 'वर्षानुवर्षं एकच विरजण' नावाला एकच आहे. आतली वस्ती ऋतूप्रमाणे, दुपारी लावलं की रात्री त्याप्रमाणे, आणि एखादे दिवशी विरजण संपलं म्हणून शेजारून वाटीभर आणलं त्याप्रमाणेही बदलत असते. मेमधल्या रात्री पारा तिशीच्या आसपास उतरतो, त्यामुळे रात्री लावत असाल तर दोन्ही गट तगून राहतात. रोज भर दुपारी लावत असाल तर काही आठवड्यांत थंडीचा गट जवळपास नाहीसा होतो. दही म्हणून यात काहीच बिघडत नाही. प्रोबायोटिक म्हणायची वेळ आली की मात्र हाच मुद्दा आडवा येतो, तो पुढे सांगतो.

त्याआधी लावण्याबद्दल. दूध नीट उकळलेलं हवं. उकळल्याने स्पर्धक जिवाणू मरतातच, शिवाय दुधातल्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं केसीनला चिकटतात आणि दही घट्ट होतं, पाणी कमी सुटतं. मेमध्ये एक लिटर दुधाला अर्धा चमचा विरजण पुरे. दूध फक्त कोमटाला येऊ द्या आणि जमलं की ताबडतोब फ्रिजमध्ये टाका. जानेवारीत दीड-दोन चमचे घ्या, दूध ४०-४२ अंशांवर, म्हणजे बोट दहा सेकंद सुखाने राहील इतकं गरम असताना लावा आणि बंद ओव्हनमध्ये किंवा कणकेच्या डब्यात ठेवा. थंडीत कमी विरजण घालून दूध रात्रभर रेंगाळू देणं बरं नाही. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि आम्ल वेळेवर तयार झालं नाही तर त्यांना वाढायला मोकळं रान मिळतं. तसं दही कडवट लागतं.

दह्यात बुडबुडे किंवा भोकं दिसली तर यीस्ट किंवा आतड्यातले जिवाणू शिरलेले असतात. तसं विरजण पुढे चालवू नका. चमच्याला तार येणं नेहमीच वाईट नसतं, कारण काही चांगले जिवाणूही चिकट पदार्थ करतात. पण एरवी न येणारी तार अचानक आली आणि वासही बदलला तर विरजण बदला. गुलाबी किंवा केशरी ठिपका दिसला तर वरचा थर काढून खाणं नको, सगळंच टाका. आणि सगळं नीट करूनही दूध जमलंच नाही, तर संशय दुधावर घ्यावा. गाई-म्हशीला कासदाह झाला की प्रतिजैविकाची सुई देतात. ते औषध दुधात उतरलं आणि ठरलेले दिवस न पाळता दूध विकलं गेलं तर विरजण मरतं. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस पेनिसिलिनला इतका संवेदनशील आहे की प्रयोगशाळेत अशा भेसळीच्या चाचणीसाठी त्याचाच उपयोग करतात.

आता ताक. घरी दही घुसळून, लोणी काढून, पाणी घालून केलेल्या ताकात दह्यातलेच जिवाणू असतात, फक्त पातळ झालेले. एक भाग दही आणि तीन भाग पाणी धरा. २०० मिलीच्या ग्लासात ५० ग्रॅम दही आलं. चांगल्या ताज्या दह्यात एका ग्रॅमला साधारण १० कोटी जिवंत जिवाणू धरले तर ग्लासात ५०० कोटी होतात. भारतीय नियमांत प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थात दिवसाच्या सेवनामागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात. म्हणजे संख्येच्या परीक्षेत सासूबाईंचं ताक पन्नास पट गुण मिळवून पास आहे.

ताक हलकं का वाटतं, याचं बरंचसं उत्तर जिवाणूंत नसून पाण्यात आहे. दुधात साधारण पावणेपाच टक्के लॅक्टोज असतं. दही होताना त्यातलं पाव ते एक तृतीयांश खर्च होतं, म्हणजे दह्यात सव्वातीन-साडेतीन टक्के उरतं. चौपट पातळ केल्यावर ताकात एका टक्क्याहून कमी राहतं आणि लोणी काढल्याने स्निग्धांशही जातो. ज्यांना दूध बाधतं त्यांना ताक सोसतं ते मुख्यतः यामुळे. प्रथिनंही त्याच हिशोबाने पाव होतात, हे ताकावर जगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बाजारातल्या ताकाचं मात्र तपासून घ्या. फ्रिजमध्ये विकली जाणारी, थोड्या दिवसांची मुदत असलेली पिशवी बहुधा जिवंत असते. दुकानाच्या फळीवर बाहेर ठेवलेलं, कित्येक महिने टिकणारं खोक्यातलं मसाला ताक आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं असतं. त्याशिवाय ते नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारच नाही. चव ताकाची, जिवाणू मेलेले. हीच गत कढीची. उकळी आली की सगळे जिवाणू गेले. गोळाभातावर कढी घ्यायची ती चवीसाठी घ्या. मठ्ठ्यावर चमचाभर फोडणी टाकल्याने फारसं बिघडत नाही, वाफाळत्या भातात दही कालवल्याने मात्र पुष्कळ मरतात. भात कोमट होऊ द्या, एवढंच.

तर संख्येत पास झालेलं ताक प्रोबायोटिक का नाही? २००१ साली संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या केली आणि जिच्यात २०१४ मध्ये किरकोळ शाब्दिक दुरुस्ती झाली, तिचा आशय असा: पुरेशा प्रमाणात दिल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात तीन अटी आहेत. जिवंत हवे, पुरेसे हवे, आणि फायदा दाखवलेला हवा. तिसरी अट पाळायची तर कोणते जिवाणू ते आधी माहीत हवं. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही जिवाणूची वाणापर्यंत ओळख, सुरक्षितता आणि माणसांवरच्या चाचण्या मागतात.

वाणापर्यंत म्हणजे कुठवर? 'लॅक्टोबॅसिलस' हे आडनाव झालं, 'ऱ्हॅम्नोसस' हे नाव, आणि 'जीजी' हा त्यातला नेमका इसम. प्रतिजैविकांमुळे मुलांना होणाऱ्या जुलाबांवर ज्याच्या चाचण्या झाल्या तो हा इसम; त्याच नावाच्या दुसऱ्या वाणाला ते श्रेय आपोआप मिळत नाही. तुमच्या विरजणात मेमध्ये एक वस्ती आणि जानेवारीत दुसरी. कोणाचा फायदा कोणाच्या नावावर लिहिणार? म्हणूनच तज्ज्ञ अशा पदार्थांना 'जिवंत जिवाणू असलेलं आंबवलेलं अन्न' म्हणतात आणि प्रोबायोटिकपासून वेगळं ठेवतात. हे घरच्या दह्याला कमी लेखणं नाही. दही चांगलं अन्न आहेच, फक्त औषधासारखा दावा त्याच्या नावाने करता येत नाही.

योगर्टचा अपवाद इथे येतो. त्याची जोडी ठरलेली आहे आणि एक फायदा नीट सिद्ध झाला आहे: लॅक्टोज न पचणाऱ्यांना योगर्टमधलं लॅक्टोज पचायला मदत होते. या जिवाणूंच्या पोटात लॅक्टोज तोडणारं विकर असतं. लहान आतड्यात पित्तामुळे त्यांची भिंत सैल पडते आणि ते विकर तिथेच काम करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा मान्य केला, पण एका ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत या अटीवर. लॅक्टोकॉकस जातीचे बहुतेक जिवाणू लॅक्टोज वेगळ्या वाटेने फोडतात, म्हणून थंडीतल्या दह्याकडून याच मदतीची तेवढी खात्री देता येत नाही. या एका फायद्यापलीकडे 'आतड्यात चांगले जिवाणू वस्ती करतात' वगैरे जे सांगतात ते योगर्टच्या जोडीला लागू नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्गेरियन दह्यातल्या जिवाणूंना दीर्घायुष्याशी जोडलं होतं. पुढे दिसून आलं की बल्गेरिकस आतड्यात ठाण मांडत नाही, वाटसरूसारखा निघून जातो. बहुतेक प्रोबायोटिकही असेच जातात, म्हणून ते रोज घ्यावे लागतात.

तुमच्या मुलाला दुकानात 'प्रोबायोटिक दही' दिसेल. त्यावर वाणाचं पूर्ण नाव आणि मुदतीअखेर किती जिवंत राहतील तो आकडा आहे का बघायला सांगा. नुसतं 'प्रोबायोटिकयुक्त' लिहिलं असेल तर जास्तीचे पैसे कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता एक युक्ती, जी माझ्याकडे चौकशीला येणारे बरेच जण करतात: प्रोबायोटिक दह्याचा एक कप आणायचा आणि त्याचंच विरजण करून महिनाभर चालवायचं. हिशोब करून पाहा. कपात त्या खास वाणाचे एका ग्रॅमला १ कोटी आहेत असं धरा. हे वाण दुधात फार हळू वाढतात. बिफिडोबॅक्टेरियमला तर हवासुद्धा सोसत नाही. नेहमीचे जिवाणू चार-पाच तासांत दूध आंबवून मोकळे होतात, तोवर यांची फारशी हालचाल नसते. ते अजिबात वाढले नाहीत आणि तुम्ही पन्नास भाग दुधाला एक भाग विरजण लावलंत, तर पहिल्या दह्यात ग्रॅमला २ लाख राहिले, दुसऱ्यात ४ हजार, तिसऱ्यात ८०, चौथ्यात एखाद-दुसरा. प्रत्यक्षात थोडे वाढतात, म्हणून एखादी फेरी जास्त टिकतील. आठवड्याभरात तुमच्या वाडग्यात राहतं ते साधं, चांगलं, बिननावाचं दही.

एखाद्या पिशवीतलं दही किंवा ताक जिवंत आहे का, हे घरी कळू शकतं. उकळून ४० अंशांपर्यंत निववलेलं दूध दोन स्वच्छ वाट्यांत घ्या. एकीत त्यातला चमचाभर घाला, दुसरी तशीच ठेवा, दोन्ही झाकून उबेत सात-आठ तास ठेवा. पहिली जमली आणि दुसरी पातळ राहिली तर जिवाणू जिवंत आहेत. दोन्ही बिघडल्या तर दूध किंवा वाट्या स्वच्छ नव्हत्या, पुन्हा करा. मात्र यातून कळतं ते आम्ल करणाऱ्यांबद्दल. डब्यावर लिहिलेला खास वाण जिवंत आहे की नाही, हे सांगायला प्रयोगशाळाच लागते.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर रोजच्या जेवणासाठी योगर्ट विकत आणायचं मला कारण दिसत नाही. सासूबाईंचं ताक चालू ठेवा. मेमध्ये सकाळी केलेलं दुपारपर्यंत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर आंबत राहिलं की आधी थंडीच्या गटातले जिवाणू आम्लाने मरतात, मग इतरही कमी होतात. घरात कोणाला दूध बाधत असेल आणि ताकापेक्षा जास्त प्रथिनं हवी असतील, तर साधं, बिनसाखरेचं, ताज्या तारखेचं योगर्ट आणून बघा. तिथे त्याचा फायदा पुराव्यानिशी आहे. आणि डॉक्टरांनी एखाद्या ठरावीक तक्रारीसाठी प्रोबायोटिक सांगितलं असेल तर वाणाचं नाव लिहून मागा, त्या जागी दही धरू नका. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाला घरच्या विरजणाचं दही द्यायचं की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारा.

प्रतिजैविकाच्या गोळ्यांबरोबर दही खा असं सगळेच सांगतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन गटातली गोळी असेल तर तिच्यासोबत दही-ताक घेऊ नका, कारण त्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. गोळीच्या आधी किंवा नंतर किमान दोन तासांचं अंतर ठेवा. काही गोळ्यांना याहून जास्त अंतर लागतं, ते औषधाच्या दुकानात विचारून घ्या.